मार्कअपचे मार्जिनमध्ये रूपांतर (किरकोळ विक्री)

मार्कअपचे मार्जिनमध्ये रूपांतर : वस्तूच्या खरेदी किमतीवर लावलेल्या नफ्याची टक्केवारी विक्री किमतीच्या प्रमाणात मांडण्याची हिशेबाची रीत. लहान दुकानदार भाव ठरवताना सहसा मार्कअपची भाषा वापरतो, म्हणजे चारशेच्या मालावर ‘चाळीस टक्के लावले’ असे म्हणतो. मात्र भाडे, पगार, वीजबिल आणि सेलमधली सूट हे सारे विक्रीच्या पैशांतून जाते, त्यामुळे त्यांचा मेळ विक्री किमतीवरील टक्क्यांशी, म्हणजे मार्जिनशी घालावा लागतो. दोन्ही टक्के एकाच नफ्याचे असतात. फक्त एकाचा पाया खरेदी किंमत असतो आणि दुसऱ्याचा विक्री किंमत. नफा होत असेल तर विक्री किंमत नेहमी मोठी असल्यामुळे मार्जिनचा आकडा मार्कअपपेक्षा नेहमी लहान येतो.

गोंधळाचे एक मूळ शाळेत आहे. शेकडा नफा-तोट्याच्या गणितांत नफा नेहमी खरेदी किमतीवर काढायला शिकवतात आणि ती सवय गल्ल्यावर बसल्यावरही सुटत नाही. कर सल्लागाराने तयार केलेल्या व्यापारी खात्यात मात्र ढोबळ नफ्याचे प्रमाण विक्रीवर काढलेले असते. दोघेही ‘नफ्याचे टक्के’ म्हणतात, पण वेगवेगळ्या आकड्यांविषयी बोलत असतात.

रूपांतराचे सूत्र सोपे आहे. मार्कअप दशांशात लिहावा आणि त्याला एक अधिक तोच मार्कअप, या बेरजेने भागावे, ०.४० ला १.४० ने भागले की ०.२८५७, म्हणजे सुमारे २८.६ टक्के मार्जिन मिळते. उलट जायचे असेल तर मार्जिनला एक वजा तेच मार्जिन याने भागावे. तोंडी हिशेब करणाऱ्यांसाठी अपूर्णांकांचा मार्ग अधिक सोयीचा आहे : खरेदीवर पाव नफा लावला की विक्रीचा पाचवा हिस्सा हाती येतो, एक तृतीयांश लावला की चौथा, निम्मा लावला की तिसरा आणि दुप्पट भावाने विकले की निम्मा. छेदात एक मिळवायचा, एवढेच लक्षात ठेवायचे. मार्कअपला वरची मर्यादा नाही, तो शंभर, दोनशे कितीही टक्के असू शकतो. खरेदीला काही खर्च आला असेल तर मार्जिन मात्र शंभराला कधीच टेकत नाही.

लक्ष्मी रस्त्यालगतच्या एखाद्या गल्लीतले तयार कपड्यांचे लहान दुकान उदाहरणादाखल घेऊ. सुरतेहून आलेल्या कुर्त्याचे बिल जीएसटी वगळून ३८४ रुपये आहे. वाहतूक आणि हमाली नगांवर वाटली की एका कुर्त्यावर १६ रुपये पडतात, म्हणजे माल दुकानात ४०० रुपयांना पडला. हे १६ रुपये अनेक जण ‘किरकोळ खर्च’ म्हणून बाजूला टाकतात. तसे करू नये, कारण तो त्या मालाचाच खर्च आहे. दुकान नियमित जीएसटी भरणारे असल्याने बिलावरच्या कराची वजावट त्याला मिळते आणि तो खरेदी किमतीत धरायचा नाही. मालकाने चाळीस टक्के लावून भाव ५६० ठरवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी आहे, तेव्हा गिऱ्हाइकाला तो कुर्ता ५८८ रुपयांना मिळतो.

या दुकानाची मासिक विक्री करापूर्वी ३ लाख आणि भाडे, दोन मदतनीस, वीज वगैरे मिळून खर्च ७५ हजार, म्हणजे विक्रीच्या २५ टक्के आहे. मालकाचा मनातला हिशेब असा, की चाळीसातून पंचवीस गेले, पंधरा टक्के उरले, म्हणजे महिन्याला ४५ हजार. प्रत्यक्षात ३ लाखांच्या विक्रीतला माल २,१४,२८६ रुपयांना पडलेला असतो. ढोबळ नफा ८५,७१४ होतो आणि खर्च भागवून हाती १०,७१४ रुपये राहतात. वजाबाकीत काहीच चुकलेले नाही. खरेदीवरच्या टक्क्यांतून विक्रीवरचे टक्के वजा केले, एवढीच चूक आहे.

म्हणून भाव ठरवण्याची सुरुवात हव्या असलेल्या मार्जिनपासून करावी. खर्चाचे पंचवीस टक्के आणि मालकाला उरावेत असे दहा टक्के धरले तर ३५ टक्के मार्जिन लागते. पडलेल्या किमतीला ०.६५ ने भागायचे : ४०० भागिले ०.६५ म्हणजे ६१५.३८ रुपये, जीएसटीसह ६४६.१५. पाटी ६४९ ची लावली तर कर वगळून ६१८.१० हाती येतात आणि मार्जिन ३५.३ टक्के राहते. तोच भाव मार्कअपच्या भाषेत सुमारे साडेचोपन्न टक्क्यांचा होतो. स्प्रेडशीटमध्ये A2 मध्ये पडलेली किंमत आणि B2 मध्ये हवे असलेले मार्जिन ठेवले तर कर वगळून भावासाठी दोनपैकी पहिलेच सूत्र बरोबर आहे. दुसऱ्यात ३५ टक्के घातले की ५४० रुपये येतात आणि मार्जिन केवळ २५.९ टक्के पडते.

```
=A2/(1-B2)
=A2*(1+B2)
```

सूत्र भाव सांगते, गिऱ्हाईक तो देईल की नाही हे सांगत नाही. शेजारच्या दुकानात तसलाच कुर्ता ५९९ ला टांगलेला असेल, तर ६४९ ची पाटी टिकणे कठीण. अशा वेळी गणित उलट दिशेने चालवावे. ५९९ मधून कर काढला की ५७०.४८ उरतात, त्यांचे पासष्ट टक्के म्हणजे साधारण ३७१ रुपये. यातून वाहतूक-हमालीचे १६ वजा केले की व्यापाऱ्याकडे ३५५ च्या आसपास भाव मागायला हवा, हे खरेदीला निघण्यापूर्वीच कळते. माझ्या मते लहान दुकानाला रूपांतराचा खरा उपयोग इथेच आहे, कारण विक्रीचा भाव बाजार बराचसा ठरवून ठेवतो आणि मालकाच्या हातात खरेदी तेवढी उरते. उत्पादकाने वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीच्या मालाला तर हाच मार्ग असतो. ती किंमत सर्व करांसहित असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

मार्जिन काढताना ५८८ मधून ४०० वजा करून १८८ ला ५८८ ने भागले, तर ३२ टक्के दिसतात. हा फुगलेला आकडा आहे, कारण १८८ मधले २८ रुपये सरकारचे आहेत. कर अंश आणि छेद दोन्हींतून वगळला तरच २८.६ टक्के येतात. बिलिंग मशीनवरची दिवसाची बेरीज करासहित असते, त्यामुळे ही चूक सहज होते.

सूट ही मार्जिनचाच भाग खाते. चाळीस टक्के लावलेल्या ५८८ च्या कुर्त्यावर आषाढातल्या सेलमध्ये वीस टक्के सूट दिली, तर मालकाला वाटते अजून वीस टक्के शिल्लक आहेत. प्रत्यक्षात बिल ४७०.४० चे होते, कर वगळून ४४८ येतात आणि नगामागे १६० ऐवजी ४८ रुपये सुटतात; मार्जिन १०.७ टक्के. पूर्वीइतकाच ढोबळ नफा मिळवायला सव्वातीनपटीहून अधिक कुर्ते विकावे लागतील. पडून राहिलेला माल मोकळा करायचा असेल तर असा सेल शहाणपणाचाही ठरतो, कारण भाडे आणि पगार तसेही द्यावेच लागतात. चालत्या मालावर मात्र तो महागात पडतो. पंचवीस टक्के लावून वीस टक्के सूट दिली की नफा नेमका शून्य होतो.

तुळशीबागेत जिथे घासाघीस गृहीतच असते, तिथे पाटीवरचा भाव म्हणजे विक्री किंमत नव्हे. सरासरी दहा टक्के सोडावे लागत असतील आणि ६४९ हाती यायला हवे असतील, तर पाटी ७१४ ची लावून भागत नाही. त्यावर दहा टक्के सोडले की ६४२.६० च उरतात. ६४९ ला ०.९ ने भागून ७२१ येतात, ती पाटी हवी. चूक पुन्हा तीच, पायाची.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तक व्यवहारात कमिशन छापील किमतीवर ठरते, त्यामुळे तिथला आकडा मुळातच मार्जिनचा असतो. ३०० रुपयांचे पुस्तक तीस टक्के कमिशनने २१० ला मिळाले, तर छापील किमतीने विकल्यावर मार्जिन तीस टक्के आणि मार्कअप ४२.९ टक्के होतो. वाचकाला दहा टक्के सवलत दिली की २७० वर ६० रुपये सुटतात. प्रत्यक्ष विक्रीवर हे २२.२ टक्के झाले. पुस्तकांवर जीएसटी नसल्याने हिशेब थेट करता येतो. कपड्यांचा व्यवसाय सोडून पुस्तकांकडे वळलेल्याने दोन्हींकडचे ‘तीस टक्के’ एकच समजू नयेत.

कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला सूत्र थोडे बदलावे लागते. वार्षिक दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला या योजनेत उलाढालीवर एक टक्का कर भरता येतो. पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. त्याच कुर्त्याच्या बिलावरचे १९.२० रुपये मग खर्चातच जातात आणि माल ४१९.२० ला पडतो. पस्तीस टक्के मार्जिन आणि कराचा एक टक्का मिळून छत्तीस, ४१९.२० ला ०.६४ ने भागले की भाव ६५५ येतो. कर कमी म्हणून या योजनेत माल स्वस्त विकता येईल ही समजूत वजावट गमावल्यामुळे निदान या उदाहरणात तरी खरी ठरत नाही.

भाव ठरवताना धरलेले मार्जिन खरोखर मिळते की नाही, हे साठ्यावरून तपासता येते. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा म्हणजे विकलेल्या मालाची किंमत. ती विक्रीतून वजा करून उरलेल्या नफ्याला विक्रीने भागावे. इथेही गैरसमज महागात जाऊ शकतो. सरसकट चाळीस टक्के लावणाऱ्या वरच्या दुकानाची वर्षाची विक्री ३६ लाख आहे. मार्कअपला मार्जिन समजणारा मालक विकलेला माल साठ टक्के, म्हणजे २१.६० लाखांचा असावा असे धरतो; खात्यात दिसतात २५.७१ लाख. मग ४.११ लाखांचा माल ‘गेला कुठे’ असा संशय मदतनिसांवर जातो, वास्तविक काहीच गेलेले नसते. मार्जिन २८.६ च्या जवळ आले तर हिशेब ठीक आहे. ते २४ वर आले तर मात्र शोध घ्यावा, आणि तोही आधी बिलांवर दिलेल्या सुटीचा, मग खराब किंवा परत आलेल्या मालाचा, साठामोजणीतल्या चुकांचा आणि सर्वांत शेवटी चोरीचा.