साहित्य आढावा सारणी

एकाच विषयावर आधी झालेले अभ्यास ताडून पाहण्यासाठी संशोधक जो तक्ता करतो, त्याला साहित्य आढावा सारणी किंवा लिटरेचर रिव्ह्यू मॅट्रिक्स म्हणतात. प्रत्येक अभ्यासाला एक आडवी ओळ असते, तर उभे रकाने पद्धत, नमुना, निष्कर्ष आणि मर्यादा यांचे असतात. ओळ वाचली की एका लेखाचा सारांश मिळतो, पण तुलना रकाना वरून खाली वाचल्यावरच होते. बहुतेक प्रबंधांत नेमके हेच राहून जाते आणि आढाव्याचे प्रकरण ‘अमुक यांनी म्हटले, तमुक यांनी म्हटले’ अशी जंत्री होऊन बसते.

उदाहरणादाखल, कोल्हापुरातील एक विद्यार्थिनी २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातील कुटुंबे कितपत सावरली हे अभ्यासते आहे, असे समजू. तिच्यापुढे दोन कल्पित अभ्यास आहेत. पहिल्यात सातबाऱ्यावरील नावांतून १५० शेतकरी निवडून प्रश्नावली भरून घेतली आहे, आणि बहुतेक कुटुंबे सावरली असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसऱ्यात पूरग्रस्तांच्या छावणीतील २० कुटुंबांच्या मुलाखती आहेत, आणि घरे कर्जात बुडाल्याचे त्यात म्हटले आहे.

नुसते निष्कर्ष पाहिले तर दोघांचे जमत नाही. नमुन्याचा रकाना पाहिला की उलगडा होतो. शेतमजुराच्या नावावर जमीन नसते आणि वाटेकऱ्याचा करार बहुधा तोंडी असतो, त्यामुळे हे दोघेही पहिल्या अभ्यासात आलेच नाहीत. उलट, ज्यांना पाहुण्यांकडे आसरा मिळाला ते छावणीत गेलेच नाहीत, म्हणून दुसऱ्यातून वगळले गेले. शिवाय पहिली पाहणी पुरानंतर दोन वर्षांनी झाली, दुसरी दीड महिन्यात. तेव्हा विद्यार्थिनीला ‘माहिती कधी घेतली’ हा पाचवा रकाना वाढवावा लागतो. आता तिला वादाऐवजी पोकळी दिसते: भूमिहीन कुटुंबांचे दोन वर्षांनंतर काय झाले, हे या दोन्ही अभ्यासांतून कळत नाही.

मर्यादांचा रकाना भरताना लेखकाने कबूल केलेली मर्यादा आणि वाचणाऱ्याला जाणवलेली मर्यादा वेगळ्या नोंदवाव्यात. सातबाऱ्याची अडचण पहिल्या लेखात कुठेच लिहिलेली नसेल. ती विद्यार्थिनीची टीका आहे आणि तिची जबाबदारीही तिचीच.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे केवळ गोषवारा वाचून रकाने भरणे. गोषवाऱ्यात १५० असतात, आतल्या तक्त्यात उत्तरे मात्र १२३ जणांचीच निघतात. म्हणून आकड्यापुढे पान क्रमांक टाकतात. लेखात माहितीच नसेल तर ‘नमूद नाही’ असे लिहितात, कारण चार महिन्यांनी रिकामा चौकोन पाहून लेखकाने सांगितले नाही की आपण वाचले नाही, हे आठवत नाही. सैद्धांतिक लेखांना नमुनाच नसतो. ते या तक्त्यात कोंबण्यापेक्षा वेगळे ठेवलेले बरे.