श्रमाने होणारी स्नायूंची थरथर

जड ओझे उचलताना, किंवा हलके ओझेसुद्धा एकाच स्थितीत बराच वेळ धरून ठेवताना, हातपाय आपोआप कापू लागतात. या कंपाला श्रमजन्य थरथर म्हणता येईल. प्लँक करताना पोट आणि खांदे हलतात, गड उतरल्यावर मांड्या लटपटतात, जिन्यावरून सिलिंडर वर नेल्यावर हातातला चहाचा कप बशीवर वाजतो. या सगळ्यांचे मूळ एकच आहे. स्नायूचा स्थिर, एकसंध वाटणारा जोर प्रत्यक्षात असंख्य छोट्या झटक्यांची बेरीज असतो. ही बेरीज विस्कटली की आतले झटके बाहेर दिसू लागतात.

स्नायूचा प्रत्येक तंतू मेंदूशी स्वतंत्रपणे जोडलेला नसतो. मेरुरज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या शाखा ज्या तंतूंना जाऊन मिळतात ते सगळे तंतू, असा एक गट असतो. त्याला प्रेरक एकक किंवा मोटर युनिट म्हणतात. चेतापेशीने एक संदेश सोडला की गटातले सर्व तंतू एकदम आखडतात आणि लगेच सैल पडतात. अर्धा गट आखडला, अर्धा राहिला असे होत नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका गटात दहा-वीस तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत ही संख्या हजाराच्या पुढे जाते. म्हणून नजर बारीक हलवता येते. पोटरीचे काम मात्र ठोक जोराचे असते.

एका संदेशाने येणारा झटका शिखरावर पोचायला मंद तंतूंत साधारण 80 ते 100 मिलिसेकंद लागतात, जलद तंतूंत त्याच्या निम्म्याच्या आसपास. चेतापेशी कामाला लागते तेव्हा ती सेकंदाला सुमारे 8 ते 10 संदेश सोडते, म्हणजे दोन संदेशांत जवळपास 100 मिलिसेकंदांचे अंतर पडते. मंद एककात पहिला झटका ओसरण्याआधीच दुसरा येतो आणि दोन्ही एकमेकांत बरेचसे मिसळतात. जलद एककात तोपर्यंत पहिला झटका उतरणीला लागलेला असतो. त्यामुळे त्याचा जोर सेकंदाला दहा वेळा वरखाली होतो. संदेशांचा वेग 30 च्या पुढे गेल्यावरच हे चढउतार बऱ्यापैकी भरून निघतात.

तरीही एरवी हात स्थिर राहतो, कारण शेकडो एकके एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकाची लय वेगळी असते. एकाचा जोर उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढत असतो. दहीहंडीच्या थरातले सगळे गोविंदा एकाच क्षणी श्वास सोडत नाहीत, म्हणून थर हलत नाही, तसेच हे. अर्थात ही स्थिरता पूर्ण नसते. निरोगी माणसाने हात समोर धरून बोटांवर पातळ कागद ठेवला तर कागदाची कड बारीक कापताना दिसते. हा सेकंदाला 8 ते 12 वेळा होणारा नैसर्गिक कंप प्रत्येकाला असतो. श्रमात तोच वाढतो.

एकके कामाला लावण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी लहान, मंद आणि न थकणारी; जोर कमी पडला की त्याहून मोठी; सर्वात शेवटी सर्वात मोठी, जलद आणि लवकर थकणारी. एलवुड हेनेमन यांनी 1950 आणि 1960 च्या दशकांत मांडलेला हा आकाराचा नियम आजही स्नायूशास्त्राचा पाया आहे. थरथरीच्या दृष्टीने यातली मेख अशी की सगळ्यात दांडगी एकके सगळ्यात शेवटी येतात आणि आल्या आल्या आपल्या किमान वेगाने चालतात. म्हणजे ज्यांचा झटका सर्वात मोठा, त्यांचेच झटके सर्वात कमी मिसळलेले असतात. लहान एककांच्या गुळगुळीत जोरावर हे मोठे धक्के बसू लागतात. म्हणूनच ओझे जितके जास्त, तितका जोरातला चढउतारही जास्त. अगदी ताज्या, न थकलेल्या स्नायूतसुद्धा.

थकव्यात काय होते, हे एका साध्या प्रयोगात पाहता येते. ज्याला कोपर काटकोनात ठेवून कमाल 20 किलो धरता येतात, अशा माणसाच्या मनगटावर कापडाची घडी ठेवून त्यावर 10 लिटर पाण्याची बादली कडीने अडकवायची. मुठीत धरली तर बोटे आधी दमतात आणि दंडाचे काही कळत नाही. ओझे कमाल जोराच्या निम्मे आहे. अशा निम्म्या जोरावर स्नायू साधारण एक मिनिट टिकतो. पाहायचे ते बादलीतल्या पाण्याकडे.

पहिले दहा सेकंद पाणी जवळजवळ स्थिर असते. या जोरावर दंडातली बरीच एकके आधीच कामाला लागलेली असतात. पण जोर निम्मा असल्याने स्नायूच्या आतला दाब वाढून रक्तवाहिन्या दबल्या जातात, ऑक्सिजन कमी पोचतो आणि तयार झालेले पदार्थ बाहेर वाहून जात नाहीत. चालताना स्नायू आखडतो आणि सुटतो, त्यामुळे रक्त वाहते राहते. धरून ठेवताना ही सोय नसते. एकाच जागी ओझे धरणे ते थांबून थांबून उचलण्यापेक्षा दंडाला जड जाते, त्याचे हे मोठे कारण.

वीस-पंचवीस सेकंदांनी पाण्यावर बारीक तरंग उठतात. आतापर्यंत तंतूंमध्ये फॉस्फेट साठले आहे आणि आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम दर संदेशागणिक कमी सुटते आहे, त्यामुळे प्रत्येक एककाचा जोर घटतो. बादली खाली जाऊ नये म्हणून मेरुरज्जू नवी, अधिक मोठी एकके बोलावतो. दंडाच्या स्नायूत ही भरती कमाल जोराच्या 80 टक्क्यांच्या पुढेपर्यंत चालू शकते, म्हणजे निम्म्या ओझ्यावर राखीव एकके अजून बाकी असतात. तीच आता आपले मोठे, सुटे झटके घेऊन येतात. दुसरीकडे आधीपासून राबणाऱ्या काही एककांचा संदेशवेग कमी होतो. त्यांची चेतापेशी सुस्तावते, आणि स्नायूतील वेदना व रासायनिक बदल टिपणारे चेतातंतू तिला आवरतात.

चाळीस सेकंदांनंतर तरंग लाटांसारखे होतात, कोपर वरखाली हलतो. इथे एककांची वेगळी लय मोडते. मेंदूकडून येणारी आज्ञा सर्व एककांना सामाईक असते. ती जोरकस झाली की अनेक एकके एकाच वेळी संदेश सोडू लागतात आणि झटके एकमेकांना झाकण्याऐवजी एकमेकांत मिळतात. त्यात ताण-प्रतिक्षेपाची भर पडते. हात किंचित खाली गेला की स्नायूतले ताणमापक तंतू मेरुरज्जूला कळवतात आणि तो हात वर खेचण्याचा हुकूम देतो. पण बातमी जाऊन हुकूम परत यायला 20 ते 25 मिलिसेकंद जातात, शिवाय जोर चढायला आणखी वेळ लागतो. दुरुस्ती पोचते तेव्हा हात वर निघालेला असतो. ती त्याला हवे त्यापेक्षा वर ढकलते, मग उलट दुरुस्ती होते. सुमारे 50 मिलिसेकंद उशिराचा असा फेरा सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे देतो. याखेरीज हाताचे वजन आणि स्नायूचा ताठपणा यांची स्वतःची एक डोलण्याची गती असते. बोटासारख्या हलक्या भागात ती जलद, कोपरापासूनच्या हातासाठी सेकंदाला 3 ते 5 च्या आसपास, आणि बादली अडकवल्यावर आणखी संथ. म्हणून बोट थरथरते आणि भरल्या बादलीचा हात मात्र हेलकावतो.

मिनिट भरत आले की माणूस खांदा उचलतो, पाठ मागे टाकतो, दंडामागचा स्नायूही आवळतो. विरुद्ध बाजूचे स्नायू एकत्र आवळल्याने सांधा ताठ होतो, पण आधीच थकलेल्याला विरुद्ध ओढ सोसावी लागते. बादली सुटण्याची वेळ कंपावरून नव्हे, तर कोपराचा काटकोन मोडण्यावरून ओळखावी. व्यायामातही हाच निकष चांगला. प्लँकमध्ये कंबर सरळ असेपर्यंतची थरथर चालवून घ्यावी. कंबर खाली झुकली की थांबावे, कारण त्यानंतर भार मणक्याच्या सांध्यांवर जातो.

थरथरीचे खापर अनेकदा लॅक्टिक आम्लावर फोडले जाते. ते बरोबर नाही. लॅक्टेट हे स्नायूचे इंधनही आहे, आणि कंपाचा उगम एककांच्या झटक्यांत आहे. थरथर म्हणजे गोळा येणेही नव्हे. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू आखडून अडकतो, सैल होत नाही. थरथरीत तो सतत आखडत आणि सुटत असतो.

नवखा माणूस त्याच ओझ्याखाली जास्त कापतो, कारण तेच 10 किलो त्याच्या कमाल जोराचा मोठा हिस्सा असतात आणि त्याचे विरुद्ध स्नायूही नको तितके आवळलेले असतात. काही आठवड्यांच्या सरावाने कमाल जोर 20 वरून 25 किलोवर गेला तर तीच बादली निम्म्याऐवजी 40 टक्क्यांवर येते आणि दांडग्या एककांची गरज उशिरा पडते. कॉफी, झोपेची उणीव आणि भीती कंप वाढवतात. भीतीत सुटणारे ॲड्रेनॅलिन मंद तंतूंचा झटका आखूड करते, त्यामुळे झटके कमी मिसळतात. कड्याच्या अरुंद खोबणीत टाचा उचलून, चवड्यांवर उभ्या असलेल्या गिर्यारोहकाचा पाय शिलाई मशीनसारखा हलतो, त्यात ताण-प्रतिक्षेपाचा फेरा आणि हे ॲड्रेनॅलिन दोन्ही असतात. टाच खाली सोडली, गुडघा किंचित सरळ केला, की पोटरीची लांबी बदलते आणि फेरा बहुधा तुटतो.

गड उतरल्यानंतरची लटपट याहून चिवट असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यामुळे तंतूंना बारीक इजा होते आणि कॅल्शियम सुटण्याची यंत्रणा बिघडते. याचा फटका कमी वेगाच्या संदेशांना जास्त बसतो. सेकंदाला 10 ते 20 संदेशांवर मिळणारा जोर खूप घटतो, 50 वर मिळणारा फारसा नाही. साधे चालणे-उठणे याच कमी वेगांवर चालते, म्हणून कमाल जोर जवळपास परत आला तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कापतात.

ओझे सोडल्यावर थरथर काही मिनिटांत ओसरू लागते आणि फार श्रमांनंतरही बहुधा काही तासांत जाते. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना सेकंदाला 4 ते 6 वेळा होणारा कंप श्रमाचा नसतो. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्याला व्यायामात घाम, भूक आणि थरथर एकत्र आली तर आधी रक्तातली साखर तपासावी. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी. अतिश्रमानंतर स्नायू सुजून खूप दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, तर तंतू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.