राउटरचे लेबल वाचन

वाय-फाय राउटर उलटा केला की तळाला एक स्टिकर दिसतो. त्यावरच्या मजकुरावरून तो राउटर नेमका कोणी बनवला आणि त्याच मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीचा आहे, हे शोधून काढण्याला लेबल वाचन म्हणता येईल. फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर, बदलताना किंवा जुना राउटर विकत घेताना त्याची गरज पडते. बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते: ते ठळक अक्षरातले मॉडेलचे नाव वाचतात आणि तिथेच थांबतात.

टीपी-लिंक कंपनीचा TL-WR841N हा भारतातही घरोघरी दिसणारा राउटर याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या नावातल्या TL वरून कंपनी कळते, WR म्हणजे वायरलेस राउटर आणि शेवटचा N म्हणजे वाय-फायचे 802.11n हे मानक. त्याचाच भाऊ TL-WR841ND. तिथल्या D चा अर्थ अँटेना काढता-घालता येतात. इतपत नावावरून उलगडते. पण याच नावाखाली कंपनीने वर्षानुवर्षे आतले सर्किट बदलून चौदाव्या क्रमांकापर्यंत आवृत्त्या काढल्या आणि बाहेरून त्यांतल्या पुष्कळशा सारख्याच दिसतात. आठव्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे, तेराव्यात मीडियाटेकची. तेराव्या आवृत्तीत 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम आहे, तर तिच्यानंतरच्या चौदाव्या आवृत्तीत दोन्ही निम्म्यावर आले: 4 आणि 32. म्हणजे आवृत्तीचा आकडा मोठा असला की माल सरस, हा समज इथे सपशेल खोटा ठरतो.

समजा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणी हा राउटर जुना म्हणून विकत घेतला आणि त्यात कंपनीच्या फर्मवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचे ठरवले. लेबलवर सीरियल नंबरच्या आसपास बारीक अक्षरात Ver:13.0 असे काहीतरी छापलेले असते. त्यातला दशांश चिन्हाआधीचा आकडाच कामाचा. कंपनीच्या रीतीप्रमाणे 1.1 लिहिले असले तरी ती पहिलीच आवृत्ती धरायची. इथे 13 आला, म्हणून फाइलच्या नावात पुढील तुकडा असलेलीच फाइल घ्यायची:

```
tplink_tl-wr841n-v13
```

लेबलवर 14 असते तर बेत सोडावा लागला असता, कारण 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमच्या यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची 19.07 ही शेवटची अधिकृत मालिका होती. दुसऱ्या आवृत्तीची फाइल टाकली तर बरेचदा राउटर ती नाकारतो. एखाद्या वेळी स्वीकारतो आणि मग सुरूच होत नाही. मॉडेलपुढे कंसात IN, EU किंवा US असेल तर तेही टिपून घ्यावे, कारण देशानुसार फर्मवेअर वेगळे असू शकते.

स्टिकर घासून अक्षरे गेली असतील तर राउटरच्या स्टेटस पानावर हाच तपशील सापडतो. या राउटरच्या जुन्या हिरव्या पानांवर Hardware Version समोर WR841N v8 00000000 अशी ओळ येते. आधीच्या मालकाने फर्मवेअर बदललेले असेल, तर मात्र या ओळीवर विसंबू नये. तिथे स्टिकरचाच शब्द प्रमाण मानावा.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर अनेकदा तिचेच नाव असते आणि खरा निर्माता झाकला जातो. अशा वेळी FCC ID असेल तर शोध लवकर लागतो. ही अमेरिकेतल्या नोंदणीची खूण. तिची पहिली तीन किंवा पाच अक्षरे परवानाधारक कंपनीची असतात, टीपी-लिंकची TE7. उरलेला भाग त्या वस्तूचा. त्या नोंदीत बहुधा आतल्या सर्किटचे फोटोही मिळतात. निव्वळ भारतासाठी बनलेल्या राउटरवर ही खूण नसू शकते.

मग उरतो मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा क्रमांक. त्याच्या पहिल्या सहा अक्षरांचा गट आयट्रिपलई संस्था कंपन्यांना वाटून देते. 50:C7:BF हा टीपी-लिंकच्या वाट्याचा. पण गट ज्याच्या नावावर आहे तो डबा बनवणाराच असेल असे नाही, आतल्या वायरलेस भागाचा उत्पादकही असू शकतो. शिवाय पत्ता स्टिकरवरचाच घ्यावा. मोबाइलवर दिसणाऱ्या पत्त्याचे दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो यंत्राने स्वतः तयार केलेला असतो आणि त्यावरून निर्माता सापडत नाही.

अ‍ॅडॅप्टरचे लेबल वेगळे वाचावे, कारण त्याचा निर्माता बहुधा निराळाच असतो. T090060 ने सुरू होणारा क्रमांक राउटरचा नाही: त्यातला 090 म्हणजे 9.0 व्होल्ट, 060 म्हणजे 0.60 अँपिअर. त्याच्यावर R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकावा. ही नोंदणी कारखान्यानिहाय दिली जात असल्यामुळे अ‍ॅडॅप्टर कोणत्या कारखान्यातून आला ते तिथे दिसते.