साडेतीन पावलं आणि खालची एक ओळ

वर्तमानपत्रात त्याला फोटोओळ म्हणतात, मोबाइलवर कॅप्शन. मूल पहिल्यांदा चाललं की घरातलं कुणीतरी व्हिडिओ टाकतं, आणि खाली काय लिहायचं यावर घरभर खल होतो. आमच्याकडे फोंड्याला गेल्या महिन्यात तो झाला. भाचीचा चौदा सेकंदांचा व्हिडिओ होता. भावोजींनी खाली लिहिलं, ‘हजारो मैलांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो.’ आई म्हणाली, ‘हें शाळेच्या भिंतीवयलें दिसता.’ ती ओळ पुसली गेली. पण मूल चार पावलं टाकतं तेव्हा आपल्याला प्रवचन का सुचतं, याच्या मागे एक बराच लांबचा इतिहास आहे.

आमच्या जुन्या अल्बमात मामाचा एक फोटो आहे, १९७२ सालचा. तुळशीवृंदावनासमोर अंगणात खुर्ची ठेवलेली, तिचा पाय घट्ट धरून मामा उभा. मागच्या बाजूला आजोबांच्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिलंय : ‘चि. बाळ, वय ११ महिने. उभा राहतो.’ बॉलपेनने लिहिलं असतं तर टोकाचा दाब पुढून उमटला असता आणि शाई वरच्या फोटोला लागली असती. म्हणून त्या काळी मऊ पेन्सिलच वापरत. त्याखाली, वेगळ्या हातात, आजीने लिहिलंय : ‘दुसऱ्या दिवशी चालला.’

चालल्याचा फोटो नाही. असणारच नव्हता. घरात होता आग्फा क्लिक थ्री, १२० नंबरच्या एका रोलवर फक्त बारा फोटो देणारा. शटर संथ, त्यामुळे हलणारं मूल म्हणजे कागदावर एक धुरकट डाग. ओसरीच्या आत तर प्रकाशच पुरायचा नाही, फोटो काढायचा म्हणजे मुलाला अंगणात, उन्हात आणायचं. आणि मूल कधी चालेल ते आधी सांगून चालत नाही. त्यामुळे त्या पिढीच्या अल्बमांत पहिलं पाऊल जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो आदला दिवस : खुर्ची धरून, भिंत धरून, आजीचं बोट धरून. पाऊल असतं ते मागच्या बाजूला, पेन्सिलीत.

चित्रकारांचंही असंच. फ्रान्सच्या मिलेने १८५८ च्या सुमारास ‘पहिली पावलं’ नावाचं चित्र काढलं. शेतात कुदळ टाकून बाप खाली बसलाय, हात पसरून, आणि पलीकडे आईने मुलीला काखेखाली धरलंय. १८९० च्या जानेवारीत व्हॅन गॉगने एका कृष्णधवल छायाचित्रावरून तेच चित्र आपल्या रंगांत पुन्हा रंगवलं. त्याच्या भावाकडे तेव्हा मूल व्हायचं होतं. दोन्ही चित्रांत मुलगी अजून आईच्या हातातच आहे. पाऊल फक्त नावात.

म्हणजे सुरुवातीपासून ओळीचं काम सरळ होतं : चित्राला जे जमलं नाही ते सांगायचं. कोण, कुठे, केव्हा, आणि पुढे काय झालं. कोडॅकने १९१४ मध्ये तर असा कॅमेरा आणला की ओळ तिथल्या तिथे लिहिता यावी. त्याच्या पाठीला एक छोटी झडप असे. फोटो काढल्यावर ती उघडायची, धातूच्या काडीने दोन शब्द लिहायचे, आणि काही सेकंद झडप उजेडात उघडी ठेवायची. फिल्मच्या पाठीमागे कार्बन कागदासारखा पातळ थर होता. काडी फिरेल तिथून उजेड आत जाई आणि अक्षरं दोन फोटोंच्या मधल्या पट्टीवर उमटत. १९३२ च्या सुमारास हा प्रकार बंद झाला. पट्टीवर जागा किती, तर एक नाव आणि एक तारीख. तिथे उपदेश लिहायला कुणाला सुचणार?

गोव्यात या ओळीला आणखी एक वळण आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्यासारख्या पुष्कळ घरांत बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पोथी मराठी, कीर्तन मराठी, पत्रं मराठी. पोर्तुगीज राजवटीतही खाजगी मराठी शाळा चालत होत्या, आजोबा त्यातल्याच एका शाळेत शिकले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची सोयही ठेवली. त्या वादात मी इथे शिरत नाही, दोन्ही बाजूंचे काका आमच्या घरात आहेत. सांगायचं इतकंच की मूल चाललं तेव्हा घर ओरडलं कोंकणीत, आणि फोटोमागे उतरलं ते मराठीत. पत्रातल्या, ‘चि.’वाल्या, टापटीप मराठीत. ओरडा वाटेत गळला. ‘पळय पळय, चललो रे!’ याचं ‘उभा राहतो’ झालं.

लिहायच्या मराठीत डुगडुगणं कधी आलंच नाही असं मात्र नाही. तुकारामांच्या अभंगात आहे : ‘बालकाचे चाली । माता जाणुनि पाऊल घाली.’ संत लोकांसाठी कसे वागतात हे सांगायला घेतलेला तो दृष्टांत. पण दृष्टांत बाजूला ठेवून नुसतं पाहिलं तर दिसतं काय? मूल चालतंय, आणि आई त्याच्या चालीने, म्हणजे तितक्याच आखूड आणि अडखळत्या पावलांनी, शेजारून चाललीय. मुलाबरोबर मोठ्या माणसाचं चालणंही त्या ओळीत बदललंय.

प्रवचन आलं कधी? माझ्या मते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा वर्तमानपत्रांतल्या वाढदिवसाच्या जाहिरातींचा. चौकोनात मुलाचा फोटो, खाली यमक जुळवलेल्या चार ओळी, ‘यशाची शिखरे गाठ’ वगैरे, आणि मग शुभेच्छुकांची रांग. ती ओळ मुलासाठी नव्हतीच, वाचणाऱ्या गावासाठी होती. तिथून ती सवय आपल्या हाताला लागली.

मधे काही वर्षं एसएमएसने आपल्याला पुन्हा ताळ्यावर आणलं होतं. एका संदेशात रोमन लिपीत १६० अक्षरं मावत. एक जरी अक्षर देवनागरीत टाकलं तरी पूर्ण संदेशाची मर्यादा ७० वर येई, आणि काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जात. ‘पहिली पावलं’ एवढ्यालाच मधल्या जागेसह अकरा खर्च. म्हणून सगळे मराठी रोमनमध्ये लिहीत. आखातात नोकरीला असलेल्या माझ्या भावाने थोरल्या पुतणीच्या वेळचा एक संदेश बरीच वर्षं फोनमध्ये जपून ठेवला होता : `Aaj chalali. 4 paavla. Tuzya chappalkade geli.` त्याच्या मागे राहिलेल्या चपलेकडे. फोटो नव्हता, आणि त्याला तो लागलाही नाही.

दुसरा टप्पा व्हिडिओचा. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं, २०१३ मध्ये त्यावर पंधरा सेकंदांचे व्हिडिओ टाकता येऊ लागले. आता डुगडुगणं दिसतं, टाळ्या ऐकू येतात, तारीख आपोआप पडते. ओळीचं जुनं काम संपलं, आणि जागा मात्र वाढली. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा. रिकामी जागा आणि हातात काम नाही. मग तिथे आयुष्याचा प्रवास, पंख, आकाश असलं सगळं येऊन बसतं. वाचणाऱ्याला त्यातल्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, बाकी ‘आणखी’ दाबल्यावर. कुणी दाबत नाही.

आता आमचा व्हिडिओ. आम्ही तो पाच-सहा वेळा, आवाज चढवून, नीट पाहिला.

ताई लाल कोब्यावर बसलीय. भाची तिच्या गुडघ्यांना धरून उभी, नजर बाबांच्या चपलेवर. ती हात सोडते. दोन्ही हात खांद्यांच्या वर, कुणी बंदूक रोखल्यासारखे, पाय फाकलेले, बोटं बाहेर. नव्याने चालणारी बहुतेक मुलं तोल सांभाळायला अशीच उभी राहतात, आणि टाच न टेकता अख्खा तळवा आपटतात. एक. दोन. तिसऱ्याला कंबर एका बाजूला जाते आणि परत येते. आईचा आवाज कॅमेऱ्यामागून : ‘पळय गो, चललें!’ चौथा पाय अर्धा उचललेला असतानाच सगळे टाळ्या पिटतात. पोरगी दचकते, आवाज कुठून आला म्हणून मान वळवते आणि बसकण मारते. रडत नाही. पंखा आवाज करतोय असं वाटून वर पाहते.

पहिल्यांदा पाहताना वाटलं, तोल गेला. तिसऱ्यांदा पाहिल्यावर कळलं, आम्हीच पाडली.

‘पहिली पावलं’ लिहावं तर आत्याने हरकत घेतली : हे काय चालणं झालं? तिच्या म्हणण्याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जिच्यात भारतातली मुलंही होती, आधाराशिवाय किमान पाच पावलं टाकली तरच ‘स्वतंत्र चालणं’ धरलंय. ते यायचं वय साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिने, इतकं पसरलेलं. त्यामुळे वयाचा आकडा आम्ही मुद्दाम गाळला. तो टाकला की खाली ‘आमचा नवव्यात चालला’ सुरू होतं.

भावोजींनी दुसरा प्रयत्न केला : ‘पडली तरी पुन्हा उठेल आमची वाघीण!’ ती उठली नव्हती, चपलेकडे रांगत गेली होती. तो प्रयत्नही पुसला. ‘तिची जिद्द पाहा’ हेही गेलं. जिद्द नव्हती, चप्पल हवी होती.

शेवटी व्हिडिओत जे आहे पण पटकन लक्षात येत नाही तेवढंच लिहिलं :

‘साडेतीन पावलं. चौथ्याला टाळ्या पडल्या, आणि तीही. आवाज आजीचा : पळय गो, चललें!’

आईचं वाक्य मराठीत करू का, असं ताईने विचारलं. ‘पाहा गं, चालली’ असं लिहून पाहिलं, पण त्यात आईचा आवाज येईना. शिवाय ‘चललें’ हे नपुंसकलिंगी आहे, कोंकणीत लहान मुलीला तसंच म्हणतात. ‘चालली’ म्हटलं की पोर एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. म्हणून ते तसंच ठेवलं.

चार दिवसांनी ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापासून ओसरीपर्यंत एकटी चालत गेली. आई नारळ खवत होती, ताई आंघोळीला, फोन चार्जिंगला. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात पुसून आधी ती दाराशी उभी राहिली, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात, दूध आणि गॅसच्या नोंदींखाली, पेन्सिलीने लिहिलं : ‘ओसरीपर्यंत.’