चाळणीची भोकं आधी पाडली की नंतर?

"२४ चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष" असं कुठे वाचलं की आपण वाद घालायचं थांबतो. एका चाचणीत चूक असेल, पण २४ मध्ये कशी असेल? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. हा समज मोडला तो २०२१ साली, एकाच औषधावरचे दोन सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शेजारी ठेवून वाचले तेव्हा.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या ठरलेल्या पद्धतीने शोधून, निकषांच्या चाळणीतून काढून, उरलेल्यांचे आकडे एकत्र मांडणं. औषध होतं आयव्हरमेक्टिन आणि प्रश्न होता कोविडमध्ये त्याने मृत्यू टळतात का. 'अमेरिकन जर्नल ऑफ थेरप्युटिक्स'मधल्या रिव्ह्यूत २४ चाचण्या होत्या. त्यांपैकी मृत्यूंची तुलना करता येण्याजोग्या १५ चाचण्या एकत्र करून मृत्यूचा धोका ६२ टक्क्यांनी कमी होतो, असं उत्तर निघालं. काही आठवड्यांतच कॉक्रेन या असेच रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा रिव्ह्यू आला. त्यात चाचण्या फक्त १४, आणि रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या मृत्यूविषयी तर जेमतेम २ चाचण्या, १८५ रुग्ण. मृत्यू ८६ टक्क्यांनी कमी होण्यापासून ते अडीच पट होण्यापर्यंत काहीही शक्य आहे, म्हणजे सांगता येत नाही, हे त्यांचं उत्तर.

कॉक्रेनने आपला शोध पहिल्या रिव्ह्यूपेक्षा महिनाभर नंतर थांबवला होता. म्हणजे त्यांना सापडायला चाचण्या जास्तच होत्या, तरी आत कमी आल्या. फरक शोधाच्या तारखेत नव्हता, चाळणीत होता.

कॉक्रेनचा निकष असा होता: तुलनेच्या गटाला प्लासिबो म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी किंवा नेहमीचे उपचार मिळालेले असावेत, स्वतःची उपयुक्तता सिद्ध न झालेलं दुसरं औषध नको. या एका ओळीमुळे इजिप्तमधली एक मोठी चाचणी बाहेर राहिली, कारण तिच्यात तुलनेच्या गटाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं होतं. अशा चाचणीत दोन गटांत फरक दिसला, तर आयव्हरमेक्टिनने फायदा केला की दुसऱ्या औषधाने अपाय केला, हे वेगळं करता येत नाही. पहिल्या रिव्ह्यूने मात्र ती आत घेतली. जुलै २०२१ मध्ये त्या चाचणीच्या मूळ नोंदी लोकांनी तपासल्या, तेव्हा त्याच त्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसल्या, आणि चाचणी सुरू होण्याआधीच मरण पावलेले रुग्णही सापडले. लेख जिथे ठेवला होता त्या संकेतस्थळाने तो काढून घेतला. कॉक्रेनने ही लबाडी पकडली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांच्या निकषामागचा प्रश्न नेमका होता, म्हणून ती चाचणी आपोआप बाहेर पडली.

आता शोधाकडे येतो, कारण माझ्या मते खरा गोंधळ तिथे असतो आणि तो जवळजवळ कोणी वाचत नाही. रिव्ह्यूच्या परिशिष्टात शोधसूत्र दिलेलं असतं, म्हणजे डेटाबेसच्या चौकटीत टाइप केलेली ओळ. समजा, ती अशी आहे:

```
ivermectin[tiab] AND covid-19[tiab] AND (mortality[tiab] OR death[tiab])
```

`[tiab]` म्हणजे हा शब्द शीर्षकात किंवा सारांशात असला पाहिजे. आपला प्रश्न मृत्यूचा आहे, म्हणून मृत्यू हा शब्द शोधला, यात वावगं काय? हे समजून घेण्यासाठी एक हिशेब करू.

धरून चला की औषधाचा मृत्यूवर काहीही परिणाम होत नाही आणि एकूण १० चाचण्या झाल्या आहेत. निव्वळ योगायोगाने ३ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांचे मृत्यू कमी दिसले, ३ मध्ये जास्त, आणि ४ मध्ये सारखे. सारांश असतो अडीचशे-तीनशे शब्दांचा. त्यात लेखक काय लिहील? मृत्यू कमी झाले असतील तर ते आधी लिहील. फरक नसेल तर "ताप लवकर उतरला" किंवा "विषाणू लवकर नाहीसा झाला" असं लिहील आणि मृत्यूंचा आकडा आतल्या तक्त्यात राहील. तर समजा, कमी मृत्यूंच्या तिन्ही चाचण्यांच्या सारांशात 'mortality' आहे आणि बाकीच्या ७ पैकी फक्त एकीच्या. वरच्या सूत्राला सापडतील ४ चाचण्या, त्यांतल्या ३ औषधाच्या बाजूच्या. कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी आकडा बदललेला नाही, तरी नसलेला परिणाम तयार झाला. चाचण्या जितक्या जास्त, तितका हा चुकीचा आकडा अधिक ठाम दिसेल.

म्हणून सूत्रात रोग आणि उपचार असावेत, परिणामाचा शब्द नसावा. तपासणं सोपं आहे, पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. सूत्र तिथे चिकटवा, किती लेख येतात ते पाहा, मग शेवटचा अख्खा कंस आणि त्याच्या आधीचा AND काढून पुन्हा शोधा. दुसऱ्या यादीत जे लेख नव्याने आले, त्यांतले पाच-दहा उघडा. आतल्या तक्त्यात मृत्यूंचे आकडे असतील तर ते लेख रिव्ह्यूने गमावलेत.

हीच चूक निकषांतही शिरते. "ज्यांनी मृत्यूंचे आकडे दिले आहेत अशाच चाचण्या घेतल्या" हे वाक्य किती निरागस दिसतं! पण ज्यांनी आकडे मोजले आणि छापले नाहीत, त्या चाचण्या यातून गुपचूप गळतात. त्या आत घेऊन "आकडे उपलब्ध नाहीत" असं नोंदवणं आणि लेखकांना पत्र लिहून विचारणं, ही बरोबर रीत.

अर्थात, निर्दोष सूत्रालाही न छापलेलं सापडत नाही. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या होत्या. २००८ साली टर्नर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला. नियामकाच्या मते त्यांतल्या ३८ औषधाच्या बाजूच्या होत्या, म्हणजे निम्म्या. नियतकालिकांत मात्र ५१ छापल्या गेल्या आणि त्यांतल्या ४८ अनुकूल वाटत होत्या. फक्त नियतकालिकं चाळणाऱ्याला ९४ टक्के यश दिसलं असतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये ClinicalTrials.gov सारख्या, न छापलेल्या चाचण्याही जिथे सापडू शकतात अशा नोंदणीस्थळांचा शोध घेतला आहे का, हे मी आवर्जून बघतो.

"एवढ्या अभ्यासांत सिद्ध" हा मंत्र चमत्कारी काढे विकणाऱ्यांपासून मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत सगळेच म्हणतात. त्यांना विचारायचा प्रश्न एकच: निकष निकाल पाहण्याआधी ठरवले होते का? याचं उत्तर शोधता येतं. २०११ पासून 'प्रॉस्पेरो' ही नोंदवही आहे, तिथे रिव्ह्यू करणारे आपला आराखडा आधी नोंदवतात, आणि नंतर केलेले बदल तारखेसह दिसतात. आराखड्यात "सर्व प्रौढ रुग्ण" असेल आणि छापील लेखात "सौम्य आजाराचे प्रौढ रुग्ण" झालं असेल, तर कारण लिहिलं आहे का ते पाहावं. बदल करणं गुन्हा नाही, पण तो न सांगता केला असेल तर त्या लेखातल्या टक्केवारीवर मी विसंबत नाही.

कडक चाळणीलाही किंमत मोजावी लागते. कॉक्रेनकडे १८५ रुग्ण उरले आणि उत्तर अनिश्चित राहिलं, त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण वगळलेल्या चाचण्यांची यादी त्यांनी प्रत्येकीच्या कारणासह छापली आहे. इजिप्तची चाचणी त्या यादीत आहे, पुढे कारण आहे, आणि ते कारण पटत नसेल तर तीच चाचणी परत आत घालून हिशेब करायला वाचक मोकळा आहे.