साडेनऊचा गुणाकार कुठून आला?

फॉर्ममध्ये टक्केवारीचा एक चौकोन असतो. दोन आकडे, टिंब, पुन्हा दोन आकडे, एवढंच त्यात बसतं. आणि हातातल्या गुणपत्रिकेवर छापलेला असतो सीजीपीए ८.२. ओळखीतल्या मुलांचे अर्ज भरून देताना या चौकोनाचे मी तीन प्रकार पाहिले. एकाने सरळ ८.२ टाकलं. फॉर्मने ते ८.२ टक्के म्हणून मुकाट्याने घेतलं आणि पात्र उमेदवारांच्या यादीत त्याचं नाव आलंच नाही. एकीने दहाने गुणून ८२ केलं. तिसरा म्हणाला, साडेनऊने गुणतात, आणि ७७.९ लिहून मोकळा झाला. तो बी.ई. झालेला होता आणि साडेनऊ सीबीएसईच्या दहावीचं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जुन्या लोकांना हा घोळ माहीत नव्हता, कारण त्यांच्याकडे क्लास होता. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ निघालं, १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चौघे बी.ए. झाले, आणि तिथपासून क्लास हा शब्द मराठीत असा मुरला की पुढे चहासुद्धा फर्स्ट क्लास होऊ लागला. पण क्लास ही गुणांवर मारलेली रेघ होती, गुण खाली शाबूत असायचे. महाराष्ट्राच्या दहावीत ७५ ला विशेष प्राविण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३५ ला पास. म्हणून पदवीच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'द्वितीय श्रेणी' असेल, तर वर्गाच्या खालच्या रेघेचा आकडा चौकोनात टाकायचा नसतो. वर्षावर्षाच्या गुणपत्रिका काढायच्या, मिळालेल्या गुणांची बेरीज करायची आणि कमाल गुणांनी भागायचं. गुणपत्रिका हरवली असेल तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळते. कटकट आहे, पण उत्तर एकच येतं.

ए, बी अशा अक्षरी श्रेणीचं तसं नाही. एका गुणाने पुढे-मागे होणारी मुलं वेगळी मोजू नयेत, म्हणून तर ती आणली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गुणांऐवजी श्रेणी वापरावी असं स्पष्ट लिहिलं आहे. घराघरात ती पोचली मात्र २००९ नंतर, सीबीएसईने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं तेव्हा. दहावीच्या पत्रकावरून गुण गेले आणि नऊ पायऱ्या आल्या. ९१ ते १०० ला ए-वन म्हणजे १० गुणांक, ८१ ते ९० ला ए-टू म्हणजे ९, ७१ ते ८० ला बी-वन म्हणजे ८, असं खाली उतरत. पाच मुख्य विषयांच्या गुणांकांची सरासरी म्हणजे सीजीपीए.

पत्रक बदललं, फॉर्म बदलले नाहीत. सगळ्यांना टक्केच हवे होते. तेव्हा मंडळाने पत्रकाच्या मागे सूत्र छापलं: सीजीपीएला ९.५ ने गुणा, 'सूचक' टक्केवारी मिळेल. साडेनऊच का, तर आधीच्या पाच वर्षांत ९१ ते १०० च्या पट्ट्यात बसलेल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास होती. पंचाण्णवला दहाने भागलं, साडेनऊ आले. म्हणजे तुमच्या पत्रकावरून निघालेला हा आकडा मुळात दुसऱ्याच मुलांच्या गुणांची सरासरी आहे.

वरच्या पायऱ्यांवर तो छान बसतो. ९ ला ८५.५ येतात, तो ८१ ते ९० चा अगदी मध्य. खाली उतरलं की आकडा थोडा उदार होतो. ६ ला ५७ येतात, पट्ट्याचा मध्य मात्र ५५.५. पण खरी गंमत दोन पायऱ्यांच्या सांध्यावर आहे. पाचही विषयांत ९१ मिळवणाऱ्या मुलाचा सीजीपीए १०, म्हणून फॉर्मवर ९५. पाचही विषयांत ९० मिळवणारीचा ९, म्हणून ८५.५. फरक एका टक्क्याचा, फॉर्मवर दिसतो साडेनऊचा. आणि पाचही विषयांत ८१ असलेला तिसराही ८५.५ वरच. एका गुणासाठी होणारी चढाओढ थांबवायला आणलेली श्रेणी टक्क्यांत परत फिरवली की तीच चढाओढ साडेनऊपट फुगून बाहेर येते. मंडळाने 'सूचक' हा शब्द विचारपूर्वक घातला असावा. फॉर्म करणाऱ्यांनी तो वाचला नाही. २०१८ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली, पत्रकावर गुण परत आले, आणि साडेनऊचं काम संपलं. सवय तेवढी उरली.

ती सवय कॉलेजात नेली की हिशेब चुकतो. २०१५ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने निवड-आधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांकांचा तक्ता दिला: ओ ला १०, ए-प्लसला ९, ए ला ८ वगैरे. मात्र कोणत्या अक्षराला किती गुण, हे आयोगाने बांधून दिलं नाही, विद्यापीठांवर सोडलं. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या एका पॅटर्नमध्ये ८० गुणांपासूनच ओ, म्हणजे १०, आणि ७० ते ७५ च्या पट्ट्याला ८. सीबीएसईत मात्र ८ म्हणजे ७१ ते ८० असायचे. आकडा तोच, पट्टा वेगळा, म्हणून सूत्रही वेगळं. मुंबईत सीजीपीएला सीजीपीआय म्हणतात. तिथलं एक सूत्र असं:

```
टक्के = ७.१ × सीजीपीआय + ११
```

यात पूर्ण १० असले तरी ८२ च येतात. अन्याय वाटतो खरा, पण ८० वाल्यालाही इथे १० मिळालेले असतात हे लक्षात घेतलं की राग उतरतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यातून आलेलं दुसरं सूत्र म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणणं. ते अनेक विद्यापीठं वापरतात.

आता मुंबईच्याच एका बी.ई. पदवीधराचा सीजीपीआय ६.९ धरा. जाहिरातीत अट ६० टक्क्यांची. दहाने गुणलं तर ६९, साडेनऊने ६५.५५, पाऊण वजा करून ६१.५. तिन्हींत तो पात्र. त्याच्या विद्यापीठाच्या सूत्राने ७.१ गुणिले ६.९ म्हणजे ४८.९९, अधिक ११, झाले ५९.९९. बँकांच्या सामाईक भरतीच्या जाहिरातींत नेमकं हेच उदाहरण छापलेलं असतं: ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरले जातील, वरचा पूर्णांक करायचा नाही. ६.९१ असते तर ६०.०६ होऊन तो सुटला असता.

त्याच जाहिरातींत पुढे आणखी एक ओळ असते. सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या नियमाने काढून भरा, आणि मुलाखतीला येताना तो नियम आणि तुमची टक्केवारी सांगणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणा. अर्ज भरताना ही ओळ सहसा कुणी वाचत नाही, कारण त्या वेळी कुणी कागद मागत नाही. ६९ टाकलं की संगणक खूश, परीक्षाही देता येते. कागद तपासायला टेबलापलीकडे माणूस बसतो तेव्हा अर्जातले ६९ आणि प्रमाणपत्रातले ५९.९९ शेजारी शेजारी येतात.

म्हणून सूत्र आधी स्वतःच्या गुणपत्रिकेच्या मागे शोधायचं. तिथे नसेल तर परीक्षा विभागाला विचारायचं, आणि विचारताना आपला अभ्यासक्रम कोणत्या वर्षाच्या पॅटर्नचा ते सांगायचं, कारण एकाच विद्यापीठात पॅटर्न बदलला की सूत्रही बदलतं. प्रमाणपत्राचा अर्ज त्याच फेरीत देऊन टाकावा. आलेल्या उत्तरातले दशांश चौकोनात जसेच्या तसे टाकायचे, दोन घरांपुढचे सोडून द्यायचे, चढवायचे नाहीत.