चार कोरड्या महिन्यांचा हिशोब

माझी भाची गोरेगावला राहते आणि घरीच व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नाच्या फिल्म्स, थोडं जाहिरातींचं काम. चातुर्मासात मुहूर्त नसले की तिचं काम आटतं आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सुरू होतं. मागच्या वर्षी तिने 20,000 रुपयांची एसआयपी लावली आणि जुलैमध्ये हप्ता परत गेला. बँकेने वर दंडही कापला. "मामा, सरासरी तर महिना 70,000 पडते. मग 20,000 जड कसे झाले?" असं तिने विचारलं.

तिच्या खात्यात एप्रिलपासून महिन्यागणिक आलेली रक्कम हजारांत अशी होती: 62, 88, 34, 28, 41, 75, 110, 52, 95, 70, 47, 138. बेरीज 840, म्हणजे सरासरी 70 बरोबरच आहे. घरभाडं धरून तिचा खर्च महिना 32,000. त्यात हप्त्याचे 20,000 मिळवले की दरमहा 52,000 लागणार. सरासरीपेक्षा चांगले 18,000 कमीच.

पण सरासरीला महिन्यांचा क्रम कळत नाही. एप्रिल-मे मिळून 46,000 उरले. जूनमध्ये 18,000 कमी पडले, जुलैमध्ये 24,000, ऑगस्टमध्ये 11,000. तीन महिन्यांची तूट 53,000. मे महिन्यात तिने 15,000 चा जुना मॉनिटर घेतला होता म्हणून गाडी जुलैत अडली. घेतला नसता तर ऑगस्टमध्ये अडली असती. गंमत अशी, की याच बारा आकड्यांची सुरुवात ऑक्टोबरपासून केली असती, तर हप्ता एकदाही चुकला नसता. आधी पुरेशी गंगाजळी साठली असती. कोरडे महिने एकामागोमाग येतात आणि ते नेमके कधी गाठतील, हे आपल्या हातात नसतं.

म्हणून बारातले सगळ्यात कमकुवत चार महिने निवडायचे: 28, 34, 41 आणि 47. त्यांची सरासरी 37,500. यातून खर्च वजा केला की उरतात 5,500. दरमहा न चुकता बाजूला टाकायची रक्कम एवढीच.

मग सगळ्यात वाईट महिनाच का धरू नये? कारण एकटा महिना फार लहरी असतो. समजा जुलैमध्ये ती आजारी पडली असती आणि 28 ऐवजी 10 हजारच आले असते, तर किमान आकडा 18,000 ने कोसळला असता. चार महिन्यांची सरासरी मात्र फक्त 4,500 ने उतरली असती. बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बासल समितीनेही बाजारजोखमीसाठी याच जातीचं माप निवडलं आहे, एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल. वाईट टोकाच्या सगळ्या शक्यतांची सरासरी.

या आकड्याकडून जास्तीची अपेक्षा मात्र नको. सरासरी म्हटली की त्या चारांतले काही महिने तिच्याखाली असणारच. इथे जूनमध्ये 3,500 आणि जुलैमध्ये 9,500 कमी पडतात, म्हणजे हप्ता सुरू करण्याआधी 13,000 खात्यात वेगळे हवेत. ऐन जूनमध्ये सुरुवात केली तरी तेवढे पुरतात. 20,000 च्या हप्त्याला याच परिस्थितीत 53,000 लागले असते.

आकडे लिहिताना ती एक चूक करत होती. बिल ज्या महिन्यात पाठवलं, त्या महिन्यात उत्पन्न मांडायची. मुंबईत क्लायंटचे पैसे कधी येतात हे काय सांगायचं! पैसे खात्यात जमा झाले तो महिना धरायचा, आणि टीडीएस कापून हातात आलेलीच रक्कम लिहायची. आयकराचा परतावा आला तर तो यादीत घ्यायचा नाही, नाहीतर एखादा कोरडा महिना उगाच ओला दिसतो. यादीत पावसाळा यायलाच हवा. ऑक्टोबर ते मार्च एवढ्या सहाच महिन्यांवरून काढलेला आकडा फसवा निघेल.

"5,500 म्हणजे फारच कमी," ती कुरकुरली. वर्षाचे 66,000 होतात आणि खर्च भागवून तिच्याकडे 4,56,000 उरतात, हे खरंच. पण बाकीची बचत हप्त्यात बांधायची नाही. महिना 37,500 च्या वर गेला की वरच्या रकमेतून आधी कराचा वाटा काढायचा आणि उरलेल्याचा ठरावीक हिस्सा त्याच आठवड्यात गुंतवायचा. कोरड्या महिन्यात हा हिस्सा आपोआप शून्य होतो आणि काहीही परत जात नाही.

दर तीन महिन्यांनी जुने तीन आकडे खोडून नवे लिहायचे. मोठा क्लायंट सुटला, तर तेवढंही थांबू नये. तिच्या ऑक्टोबरच्या 110 मधले 80 आणि मार्चच्या 138 मधले 100 एकाच जाहिरात एजन्सीचे होते. ते वजा केले की ऑक्टोबर 30 वर येतो, मार्च 38 वर, आणि हे दोन्ही भरभक्कम महिने थेट कमकुवत चारांत जाऊन बसतात. नवी सरासरी 32,500. हप्त्याला उरतात 500 रुपये.